मदत हवी आहे : स्लॅपबॅक लावल्यावर डबल बेसची थाप दुहेरी ऐकू येते

तारेवरची_थाप : आम्ही तिघे रॉकबिली वाजवतो. एक जण गातो व अकूस्टिक गिटार वाजवतो, दुसरा इलेक्ट्रिक गिटारवर असतो आणि डबल बेस माझ्याकडे आहे, ड्रम नाहीत. १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्ली, स्कॉटी मूर आणि बिल ब्लॅक हेही तिघेच होते, तरीही ते वाजवणे अंगावर धावून येते. आमच्या ध्वनिमुद्रणात मिनिटाला २१० ठोके आहेत. डिले २७० मिलिसेकंद आणि फीडबॅक ४० टक्के ठेवून तो संपूर्ण मिश्रणावर लावला, तर सारेच गढूळ झाले. काय चुकते आहे?

जुना_श्रोता : यंत्रे बाजूला ठेवा. तो त्या खोलीचाच घुमारा होता. रिकाम्या जिन्यात गाऊन पाहा.

फीतवाला : खोलीचा वाटा आहेच, पण स्लॅपबॅक तिथून आलेला नाही. सन स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स दुसऱ्या टेपयंत्रावरून आवाज फिरवून परत मिसळत असत. ध्वनिमुद्रण करणारे आणि ऐकवणारे हेड सुमारे दोन इंच दूर असतील आणि फीत सेकंदाला १५ इंच धावत असेल, तर आवाज साधारण १३३ मिलिसेकंद उशिरा, एकदाच परत येतो. आता तुमचा हिशोब पाहा. २१० च्या लयीत एक ठोका २८६ मिलिसेकंदांचा होतो. २७० वर येणारा प्रतिध्वनी पुढच्या थापेच्या किंचित आधी पोचतो आणि तिला दुभंगतो. तो १४० च्या आसपास आणलात, तर दोन ठोक्यांच्या मधली रिकामी जागा भरेल आणि ड्रम नसतानाही कुणीतरी ब्रश फिरवत असल्याचा भास होईल. फीडबॅक शून्य करा, आणि डिलेकडे जाणाऱ्या आवाजातून २०० हर्ट्झखालचा भाग काढून टाका.

बोटांना_फोड : मी बेस गिटारवर अंगठ्याने स्लॅप करतो. तेच तंत्र चालेल ना?

तारेवरची_थाप : नाही, ते वेगळे आहे. इथे तार बाहेर ओढून सोडायची, म्हणजे ती पट्टीवर आपटून टक् वाजते. आणि दुसऱ्या व चौथ्या ठोक्याला तळहात थेट तारांसह पट्टीवर मारायचा.

फीतवाला, १४० वर गाणे एकदम उघडले, मनापासून आभार! थाप आता धावते आहे. पण टक् ठळक झाल्यावर मूळ स्वर मात्र पातळ वाटतो. माझ्या तारा पोलादी आहेत.

फीतवाला : आधी माइक तपासा. तो पट्टीच्या टोकाशी असेल, तर टकच जास्त येणार. घोडीच्या समोर हातभर अंतरावर आणून पाहा.

जुना_श्रोता : माझ्या मते दोष तारांचाच आहे. आतड्याच्या तारा सैल व जाड असतात, त्यांत स्वर आणि थाप दोन्ही भरदार येतात.

तारेवरची_थाप : तारांचा संच महाग आहे, त्यामुळे रविवारी आधी माइक हलवून दोन्ही जागांचे ध्वनिमुद्रण करीन आणि इथेच कळवीन.