धनादेश बँकेच्या कपाटात, व्याज कर्जदाराच्या डोक्यावर

महेश, सांगली: विश्रामबागेतील जुन्या फ्लॅटसाठी नऊ टक्के दराने २० लाखांचे कर्ज घेतले. पहिला हप्ता ५ ऑगस्टला असताना ५ जुलैलाच खात्यातून प्री-ईएमआय म्हणून १४,३०१ रुपये वळते झाले. हे दुहेरी व्याज नव्हे का?

शैलजा, सातारा: नक्कीच आहे. हप्त्यात व्याज धरलेलेच असते, मग हे वेगळे कशासाठी? पूर्ण रक्कम परत मागावी.

अनंतराव: शैलजाताई, हप्त्यात व्याज असते हे खरे, पण ते फक्त एका महिन्याचे असते. महेशराव, परतफेडीच्या तक्त्यात पहिल्या हप्त्यातील व्याजाचा रकाना पाहा. तेथे बरोबर १५,००० असतील, तर तो हप्ता ५ जुलै ते ५ ऑगस्ट एवढ्याच काळाचा आहे आणि त्याआधीचे दिवस त्यात आलेले नाहीत. रोजचे व्याज ४९३ रुपये १५ पैसे होते, म्हणजे तुमच्याकडून २९ दिवसांचे घेतले आहे. पैसे नेमके कधी मिळाले?

दत्ता, मिरज: आमच्या इमारतीचे काम दोन वर्षे रखडले आणि तेवढा काळ आम्ही नुसते व्याजच भरत होतो. बिल्डरला जाब विचारा.

अनंतराव: दत्ताभाऊ, तुमचे कर्ज टप्प्याटप्प्याने सुटत होते, येथे ते एकरकमी आहे.

महेश: रकाना १५,००० चाच आहे. धनादेशावर ६ जूनची तारीख आहे, पण विक्रेते बाहेरगावी असल्याने दस्तनोंदणी १२ जूनला झाली आणि बँकेच्या माणसाने दुय्यम निबंधक कार्यालयातच तो त्यांच्या हाती दिला.

अनंतराव: मग २३ दिवसांचे ११,३४२ रुपये रास्त आहेत आणि सहा दिवसांचे २,९५९ रुपये तुमचे आहेत. धनादेशाच्या तारखेपासून व्याज लावून तो काही दिवसांनी ग्राहकाच्या हाती देण्याच्या प्रथेवर रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट आक्षेप घेतला आहे. धनादेश दिल्याची सही-तारखेची पोच जोडून लेखी अर्ज करा. पोच नसेल, तर दस्ताची तारीख उपयोगी पडेल.

सुनील: मी बँकेत नोकरी केली आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. धनादेश ग्राहकाच्याच सांगण्यावरून तयार झाला होता आणि उशीर विक्रेत्यामुळे झाला. त्याचा भुर्दंड बँकेने का सोसावा?

अनंतराव: कारण ते सहा दिवस धनादेश आणि पैसे, दोन्ही बँकेकडेच होते. कपाटात ठेवलेल्या कागदावर व्याज कसले?

सुनील: ग्राहकाने तारीख लेखी मागितली असेल, तर मला हे इतके सरळ वाटत नाही.

महेश: लेखी मागितली नव्हती, फोनवर सांगितली होती. शाखेत विचारले, तर ‘संगणक धनादेशाचीच तारीख घेतो’ एवढेच उत्तर मिळाले. उद्या अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का घेतो.