मदत हवी आहे : बैलांच्या खांद्यावरच्या जखमा, आधीचे-नंतरचे फोटो आणि टी-टेस्टची दोन वेगळी उत्तरं

डवरा_दारव्हा

जुवाखाली गादी बसवली तर बैलाच्या खांद्यावरची जखम कमी होते का, हे गावात तपासलं. १० बैल, म्हणजे ५ जोड्या. गादी लावायच्या दिवशी एक फोटो, २१ दिवसांनी दुसरा. फोटोत पट्टी धरली होती. ImageJ मध्ये जखमेची कड आखून क्षेत्रफळ काढलं, चौरस सेंटिमीटरमध्ये. १-२ ही एक जोडी, ३-४ दुसरी, असा क्रम आहे.

आधी : १२.४, ९.०, १५.६, ७.५, ११.२, १८.३, ६.८, १०.१, १३.७, ८.४
नंतर : ८.१, ६.२, १०.९, ६.९, ७.०, १३.५, ७.६, ७.४, ९.८, ५.६

शीटमध्ये टी-टेस्टच्या एका सूत्रानं पी-मूल्य ०.०४६ आलं, दुसऱ्यानं ०.०००६. खरं कोणतं? आणि ग्रामसभेत हे साध्या भाषेत कसं सांगायचं? ७ नंबरच्या बैलाची जखम वाढली आहे, तो वगळू का?

कपाशीवाला

जखमेवर माशी बसू देऊ नका. हळद आणि कडुनिंबाचं तेल लावा, आठ दिवसांत फरक दिसेल.

डवरा_दारव्हा

भाऊ, औषध चालूच आहे. अडचण हिशोबाची आहे.

नमुना_नऊ

पेअर्ड म्हणजे जोडीचा हिशोब. तुमच्याकडे बैल जोडीनंच आहेत, तेव्हा एका जोडीतल्या दोन बैलांची एकमेकांशी तुलना करा. पण १० आकड्यांवर टी-टेस्ट चालत नाही, निदान ३० तरी लागतात.

मोजपट्टी

नमुनाभाऊ, इथं जोडी म्हणजे एकाच बैलाचे दोन आकडे, आधीचा आणि नंतरचा. ३० ची अटही नाही. कमी आकड्यांसाठीच टी-टेस्ट आहे. फक्त *फरक* एका बाजूला फार कलंडलेले नसावेत. आधीचे आकडे एकमेकांपासून कितीही लांब असले तरी चालतं.

दोन उत्तरांचं कारण सूत्रातला शेवटचा आकडा आहे. तो १ असेल तर पेअर्ड, २ असेल तर दोन वेगळ्या गटांची तुलना.

```
=T.TEST(B2:B11,C2:C11,2,1)
```

हे वापरा. वेगळे गट धरले की ६.८ ची लहान जखम आणि १८.३ ची मोठी जखम यांच्यातली तफावतही हिशोबात शिरते आणि गादीचा परिणाम त्यात दबतो. पेअर्डमध्ये प्रत्येक बैल स्वतःशीच ताडला जातो. तुमचे फरक असे येतात : ४.३, २.८, ४.७, ०.६, ४.२, ४.८, –०.८, २.७, ३.९, २.८. बेरीज ३०, सरासरी ३.०, प्रमाण विचलन १.८४. ते १० च्या वर्गमुळानं भागलं की ०.५८. ३.० भागिले ०.५८ म्हणजे टी सुमारे ५.२. म्हणून ०.०००६.

७ नंबर वगळू नका. फोटो हलला असेल किंवा दुसऱ्याच बैलाचा असेल तर कारण लिहून तो वगळा. जखम वाढली एवढ्यावरून काढला तर निकाल आपणच ठरवल्यासारखा होतो.

नमुना_नऊ

३० चं माझं चुकलं. पण जोडीचं पुरतं सोडू नका. एका जुवाला जुंपलेले दोन बैल सारखंच ओझं ओढतात, तेच वावर, तोच गडी. मग ते १० सुटे बैल कसे धरायचे?

मोजपट्टी

हा मुद्दा बरोबर आहे, तो माझ्याकडून सुटला. टी-टेस्ट प्रत्येक फरक दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असं धरून चालते. एकाच जुवाखालचे दोन बैल तसे नाहीत. सोपा उपाय असा की जोडीतल्या दोघांच्या फरकांची सरासरी घ्यायची : ३.५५, २.६५, ४.५, ०.९५, ३.३५. आता आकडे ५ च. सरासरी तीच ३.०, टी सुमारे ५.१, पण पी-मूल्य ०.००७ आणि सरासरी घटीचा ९५ टक्के पल्ला १.४ ते ४.६. सुटे १० धरले असते तर तो १.७ ते ४.३ आला असता. निकाल टिकतो, खात्री थोडी कमी होते. मी हाच आकडा सांगेन.

पण मला खरी काळजी फोटोंची आहे. पट्टी कुठं धरली होती? खांद्याला टेकवून की हातात पुढं?

डवरा_दारव्हा

पहिल्या वेळी टेकवून. दुसऱ्या वेळी काही बैल उसळत होते, तेव्हा पट्टी हातात थोडी पुढं धरली.

मोजपट्टी

मग इथंच थांबा. कॅमेरा खांद्यापासून ५० सेंमीवर आणि पट्टी खांद्याच्या ५ सेंमी पुढं असली, तर पट्टी मोठी दिसते आणि तिच्या मापानं जखम लहान भरते. लांबी १० टक्के कमी, आणि क्षेत्रफळ लांबीच्या वर्गानं बदलत असल्यामुळे सुमारे १९ टक्के कमी. तुमची आधीची सरासरी ११.३ आहे, तिचे १९ टक्के म्हणजे २.१. एकूण घट ३.० ची आहे. सगळ्याच नंतरच्या फोटोंत असं झालं असेल, तर बरीचशी घट पट्टीचीच निघेल. पी-मूल्य हे ओळखू शकत नाही, कारण ही चूक सगळीकडे एकाच दिशेनं जाते.

पट्टी टेकलेली आहे की नाही, ते फोटोतही कळतं. पुढं धरलेल्या पट्टीची सावली तिच्यापासून सुटून पडते आणि जखम स्पष्ट असताना पट्टीच्या रेघा पुसट दिसतात. असे फोटो बाजूला काढा. उरलेल्यांत प्रत्येक फोटोवर पट्टीच्या ५ सेंमीवर रेघ ओढून `Analyze > Set Scale` पुन्हा करा, एका फोटोचं माप दुसऱ्याला लावू नका. फाइलींची नावं दुसऱ्या कोणाकडून बदलून घ्या, म्हणजे कड आखताना आधीचा फोटो कोणता ते कळणार नाही. खपलीची कड धरायची की लाल भागाची, हे आधीच ठरवा.

कपाशीवाला

आता कळलं. मग एक विचारतो, पहिला फोटो डवरणीत काढला ना? २१ दिवसांनी डवरणी उरकलेली असेल. बैल गोठ्यात उभा राहिला तरी जखम भरतेच.

डवरा_दारव्हा

हो, दुसऱ्या फोटोच्या आधीचे आठ दिवस पावसानं काम बंद होतं.

मोजपट्टी

मग वाक्यात तेही यायला हवं. फोटो तपासून आकडे टिकले, तर ग्रामसभेत असं वाचा :

“५ जोड्यांमध्ये २१ दिवसांत खांद्यावरची जखम सरासरी ३ चौरस सेंटिमीटरनं कमी झाली. अशा बैलांमध्ये सरासरी घट साधारण दीड ते साडेचार चौरस सेंटिमीटर असावी. एका बैलाची जखम वाढली. याच काळात औषध चालू होतं आणि आठ दिवस काम बंद होतं, त्यामुळे ही घट गादीमुळेच झाली असं यावरून म्हणता येत नाही.”

“गादी ९९ टक्के यशस्वी” असं कुठंही लिहू नका. ०.००७ चा अर्थ एवढाच की खरी सरासरी घट शून्य असती, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं हजारात सातेक वेळा दिसला असता.

पुढच्या हंगामात प्रत्येक जोडीत नाणं उडवून एकाच बाजूला गादी लावा, औषध दोघांनाही द्या. काम, पाऊस, गडी दोघांना सारखा. मग नमुनाभाऊंची जोडीतली तुलना तेव्हा खरोखर कामी येईल.

नमुना_नऊ

एका बाजूला गादी म्हणजे जू त्या बाजूनं उचललं जाईल. ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर जास्त गेलं तर?

मोजपट्टी

तसं झालं तर बिनगादीच्या बैलाची जखम वाढेल आणि गादी आहे त्याहून गुणकारी दिसेल. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच जाडीची लाकडी पट्टी बांधता येईल, पण ती उघड्या खांद्याला काचेल का, हे जू घडवणाऱ्या सुतारालाच विचारावं लागेल.

डवरा_दारव्हा

नंतरच्या १० फोटोंपैकी ४ मध्ये पट्टीची सावली सुटलेली दिसते : ३, ५, ६ आणि ९. म्हणजे ३ जोड्यांना धक्का बसतो. बाकीचे मोजून आकडे इथंच टाकतो.