शब्दचर्चा: ‘सीमांत खर्च’ मधला सीमांत नेमका कुठला?

पाटीपेन्सिल
भाचीला अर्थशास्त्र शिकवताना अडले आहे. सीमांत खर्चाची रेषा सरासरी खर्चाच्या रेषेला तिच्या सगळ्यात खालच्या बिंदूवर छेदते, हे तिने पाठ केलंय. पण तिने विचारलं, ‘मावशी, सीमांत म्हणजे शेवटची हद्द ना? मग हद्दीवरचा खर्च मध्येच येऊन का छेदतो, आणि तोही बरोबर तळाशीच का?’ मला उत्तर देता आलं नाही. शब्दाचा अर्थ कळला तर पुढचंही कळेल असं वाटतंय.

बांधावरून
सीमांत शेतकरी म्हणजे ज्याची जमीन अगदी थोडी तो. तसाच सीमांत खर्च म्हणजे कमीत कमी खर्च. म्हणून तो किमान बिंदूवर भेटतो. सरळ आहे की.

जमाखर्च
नाही, इथे शब्दाने तुम्हाला चकवलं. सीमांत खर्चाचा स्वतःचा तळ वेगळा असतो आणि तो आधीच येऊन गेलेला असतो. इथली सीमा म्हणजे आपण आत्ता जिथवर आलो आहोत ती कड. सहा नग बनवून झाले असतील तर सहाव्यापाशी कड आहे. सातवा बनवायला एकूण खर्चात जी भर पडेल तो सातव्याचा सीमांत खर्च. नग वाढला की कडही पुढे सरकते. भाचीला वाटते तशी ती कुंपणासारखी एका जागी रोवलेली नाही.

तिसरापंच
क्रिकेटवरून चटकन कळेल. नव्या डावातल्या धावा म्हणजे सीमांत आणि फलंदाजाची सरासरी ती सरासरी. फॉर्म घसरला की सरासरी घसरते, फॉर्म सुधारला की सुधारते. खर्चाचंही तेच.

जमाखर्च
उपमा अगदी बरोबर निवडलीत, पण दुसरं वाक्य निसटलं, आणि गाडी सगळ्यांची तिथेच अडते. फॉर्म सुधारत असतानाही सरासरी घसरू शकते. एक फलंदाज घ्या. चार डावांत 200 धावा, सरासरी 50. नंतर तो दर वेळी बाद होतो आणि त्याच्या धावा अशा होतात:

20 केल्या, सरासरी 44 वर आली.
26 केल्या, सरासरी 41.
34 केल्या, सरासरी 40.
40 केल्या, सरासरी 40 च राहिली.
49 केल्या, सरासरी 41.

प्रत्येक डाव आधीच्यापेक्षा चांगला आहे. तरी 26 आणि 34 वर सरासरी खालीच आली, कारण ते आकडे तोवरच्या सरासरीहून कमी होते. नवा आकडा आधीच्या नव्या आकड्यापेक्षा मोठा की लहान, याच्याशी सरासरीला देणंघेणं नाही. तो सरासरीच्या वर आहे की खाली, एवढंच ती बघते. खाली असेल तोवर ती खाली ओढली जाते, वर गेला की वर. मग ती वळणार कुठे? जिथे ओढ कुठल्याच बाजूला नाही तिथेच, म्हणजे 40 च्या डावात. तोच तळ आणि तोच छेद. ही दोन वेगळी ठिकाणं योगायोगाने जुळलेली नाहीत.

पाटीपेन्सिल
भाचीने पाच डावांचा हिशेब वहीत करून पाहिला. 34 वर थांबली आणि म्हणाली, ‘म्हणजे वर चढणारी रेषा घसरणाऱ्या रेषेला गाठते.’ मला फार बरं वाटलं!

तिसरापंच
मान्य, माझं वाक्य चुकलं. पण एक हरकत आहे. सरासरी 40 असताना कोणी 20 वर नाबाद राहिला तर 20 हे 40 पेक्षा कमी असूनही सरासरी वाढते. मग नियम मोडला ना?

जमाखर्च
चांगली हरकत आहे. फलंदाजीच्या सरासरीत धावांना डावांनी भागत नाहीत, बाद होण्याच्या संख्येने भागतात. त्यामुळे डावातल्या धावा हा सीमांत आकडा नव्हेच. एकदा बाद झाल्यापासून पुन्हा बाद होईपर्यंतच्या सगळ्या धावा हा खरा सीमांत आकडा. नाबाद 20 म्हणजे अर्धवट नग, पुढच्या डावात तो पुरा होईल. म्हणून वर ‘दर वेळी बाद होतो’ असं मुद्दाम लिहिलं.

ब्रॅडमनचंच बघा. कसोटीत 80 डाव, 10 वेळा नाबाद, म्हणजे 70 वेळा बाद. 6996 धावा, सरासरी 99.94. 1948 मध्ये ओव्हलवरच्या शेवटच्या डावाआधी त्याच 6996 धावांना 69 ने भागायचं होतं, सरासरी 101.39 होती. एका शून्याने ती दीडेक धावेने खाली आली. चार धावा झाल्या असत्या तर बरोबर 100. सत्तराव्या वेळचं शून्य सरासरीच्या शंभराने खाली होतं, पण सत्तर जणांत वाटलं गेलं. सरासरीची रेषा सीमांतापेक्षा संथ चालते ती यामुळे.

सुटेभाग
माझा छोटा कारखाना आहे. जागेचं भाडं वाढलं, तेव्हापासून प्रत्येक नगाचा खर्च वाढलाय. म्हणजे माझा सीमांत खर्च वाढला आणि आता मी कमी माल काढायला हवा, असंच ना?

जमाखर्च
भाड्याने सरासरी वाढली, सीमांत नाही. पुढचा नग काढा की न काढा, भाडं तेवढंच. एक बनावट हिशेब मांडतो. पहिल्यापासून आठव्यापर्यंत नगांचा वाढीव खर्च असा: 30, 22, 16, 14, 20, 30, 44, 60. स्थिर खर्च 48. पाच नगांवर एकूण 150, सरासरी 30. सहाव्याला 30 च लागले, सरासरी 30 च. सातव्याला 44, सरासरी 32. सीमांताचा तळ चौथ्या नगावर 14 ला होता, पण सरासरी त्यानंतरही घसरत राहिली.

आता स्थिर खर्च 48 ऐवजी 132 करा. सहा नगांवर सरासरी 44, सातवा 44 चाच, म्हणून सरासरी 44 वरच थांबली, आठव्यावर 46. सीमांताचा एकही आकडा बदलला नाही. सरासरी वर उचलली गेली, म्हणून चढत्या सीमांत रेषेला तिला गाठायला जास्त वर जावं लागलं आणि तळ सहाव्याकडून सातव्यावर सरकला. म्हणजे तुमचा सगळ्यात स्वस्त सरासरीचा बिंदू उलट जास्त मालाकडे गेला. त्यावरून किती माल काढायचा ते मात्र ठरत नाही, त्यासाठी पुढच्या नगाची किंमत किती मिळते ते बघावं लागेल.

सुटेभाग
हे उलटं निघालं. पुन्हा मांडून बघतो. माझं एक यंत्र जास्त चालवलं की बिघडतं, तो खर्च कुठे धरायचा?

जमाखर्च
जास्त चालवल्यामुळेच बिघडत असेल तर तो पुढच्या नगांच्या सीमांत खर्चात जाईल. सीमांत रेषा शेवटी वर का चढते, याचं उत्तर अशाच गोष्टींत आहे: जागा आणि यंत्रं तेवढीच, त्यावर काम वाढत जातं. क्रिकेटची उपमा हे सांगत नाही, ती फक्त रेषा भेटतात तिथलं गणित सांगते. सीमांत खर्च कधी चढलाच नाही तर सरासरी घसरतच राहील आणि छेद येणारच नाही.

तिसरापंच
आणखी एक खटकतं. डाव एकामागून एक होतात. खर्चाच्या आलेखात सातवा नग ‘नंतर’ येतो का?

जमाखर्च
नाही. तिथे सहा नगांचा महिना आणि सात नगांचा महिना असे दोन पर्याय शेजारी मांडलेले असतात. उपमेतला काळ तिथे नाही, हे भाचीला सांगायला हवं.

बांधावरून
मग ‘सीमांत’ टाकून ‘वाढीव खर्च’ का म्हणत नाही? माझ्यासारखे फसणार नाहीत.

जमाखर्च
बोलताना मीही ‘वाढीव’ म्हणतो, वरही म्हटलंच. पण वाढीव खर्च एकदम शंभर नगांचाही असू शकतो, सीमांत एकाच पायरीचा. शिवाय सीमांत उपयोगिता, सीमांत उत्पादन अशी सगळी भावंडं त्याच शब्दावर उभी आहेत.

पाटीपेन्सिल
मला ‘पुढच्या नगाचा खर्च’ आवडलं असतं. भाची परीक्षेत ‘सीमांत’ लिहील आणि आकृती काढताना तेच मनात धरेल. कालच्या आकृतीत तिने छेद तळाच्या डावीकडे, घसरत्या भागावर काढला होता. आज तिनेच खोडला: छेदाच्या उजवीकडे पुढचा नग सरासरीहून महाग, आणि सरासरी तरी घसरतेय, असं कसं होईल, म्हणाली.