मदत हवी आहे: लव्ह स्प्रेडमध्ये सातपैकी पाच कोर्ट कार्डं! यात माणसं किती आणि मनःस्थिती किती?

रानजाई

नमस्कार मंडळी. टॅरो शिकतेय, अजून पुस्तक शेजारी ठेवूनच वाचते. डेक रायडर-वेट-स्मिथ. मी पुण्यात, तो बंगळुरूत. लग्नाचा विषय काढला की "बघू" म्हणतो, नाही म्हणत नाही. म्हणून काल स्प्रेड मांडला. एका ओळीत, सगळी कार्डं सुलटी:

१. मी: क्वीन ऑफ स्वोर्ड्स
२. तो: नाइट ऑफ पेंटॅकल्स
३. नातं सध्या कुठे आहे: टू ऑफ वाँड्स
४. अडसर: किंग ऑफ पेंटॅकल्स
५. त्याच्या मनात माझ्याविषयी काय: पेज ऑफ कप्स
६. मी काय करावं: क्वीन ऑफ वाँड्स
७. पुढची दिशा: सेव्हन ऑफ पेंटॅकल्स

एवढी राजे-राण्यांची गर्दी बघून डोकं चालेना. क्वीन ऑफ वाँड्स म्हणजे दुसरी कुणी बाई आहे का? त्याच्या टीममधली एक जण डोळ्यांसमोर येतेय. आणि पेज म्हणजे आणखी एखादी लहान मुलगी? प्लीज सांगा, रात्री झोप नाही.

भटक्या_नाशिककर

सोपं आहे. किंग म्हणजे चाळिशीपुढचा पुरुष, क्वीन म्हणजे लग्न झालेली बाई, नाइट तरुण, पेज लहान मुलं किंवा कोवळं वय. सूटवरून रंग कळतो: वाँड्स गोरे, पेंटॅकल्स सावळे, काळ्या केसांचे. त्या टीममधल्या बाई गोऱ्या आहेत का? असतील तर त्याच.

रानजाई

आहेत. 😟

आत्याबाई

अगं थांब, लगेच रडू नकोस. आणि नाशिककर, तुम्ही सांगताय ते वेटच्या १९१०च्या पुस्तकातलं आहे, पण अर्धंच. तिथे चाळिशीपुढच्या पुरुषाला नाइट दिलाय आणि किंग चाळिशीच्या आतल्याला. केसांचे रंगही तिथलेच, इंग्लंडातल्या माणसांसाठी लिहिलेले. आपल्याकडे ते लावले तर अख्खा महाराष्ट्र पेंटॅकल्समध्ये जाईल. शिवाय ते सगळं होतं प्रश्नकर्त्यासाठी आधीच एक कार्ड निवडून ठेवायचं म्हणून. आलेल्या प्रत्येक कोर्ट कार्डामागे माणूस हुडकायला नव्हे.

रानजाई, आधी जागा बघ, मग कार्ड. जागा ज्याच्याविषयी विचारते, कार्ड त्याच्याविषयीच बोलतं. सहावी जागा "मी काय करावं" अशी आहे. तिथे दुसऱ्या बाईला शिरायला वावच नाही. तिथली क्वीन ऑफ वाँड्स ही वागायची तऱ्हा आहे. ती कशी बसलीय बघ: पाय फाकून, ऐसपैस, हातात सूर्यफूल, पुढ्यात काळी मांजर. आता पहिल्या जागेवरची तुझी क्वीन ऑफ स्वोर्ड्स बघ. तलवार सरळ उभी, चेहरा एका बाजूला. तू सध्या त्याला तोलत असणार, प्रत्येक "बघू"ची नोंद ठेवत असणार. एकाच स्प्रेडमध्ये दोन राण्या, आणि दोन्ही तुझ्याच जागांवर. म्हणजे "या राणीकडून त्या राणीकडे जा" एवढाच सल्ला. उलटतपासणी थांबव, तुला काय हवंय ते मोकळेपणानं सांग.

पाचवी जागा "त्याच्या मनात काय". तिथला पेज ही मनःस्थितीच. पेल्यातून मासा डोकावतोय आणि तो पोरगा त्याच्याकडे कौतुकानं बघतोय. माया आहे, पण तिचं काय करायचं ते त्याला कळलेलं नाही. दुसरी जागा खुद्द त्याचीच, म्हणून तिथला नाइट म्हणजे तोच, आजचा. चार नाइटांत याचाच घोडा जागचा हलत नाही.

ओळीत मांडलंस म्हणून आणखी एक. तुझी राणी उजवीकडे, म्हणजे त्याच्याकडे बघतेय. तो मात्र हातातल्या नाण्यापलीकडे. हे फक्त याच चित्रांच्या डेकमध्ये जमतं, आणि मी त्याला दुय्यम मानते.

सोनचाफा२

आत्याबाई, माझ्या स्प्रेडमध्ये पण किंग ऑफ कप्स आला होता आणि तीन महिन्यांत माझं लग्न एका मर्चंट नेव्हीवाल्याशी ठरलं! कार्डावर मागे जहाज असतं ना! आता सासूबाईंसाठी कोणतं कार्ड धरू?

आत्याबाई

सासूबाईंसाठी वेगळा धागा काढ बाई.

तर्कटराव

एक शंका. ७८ कार्डांत १६ कोर्ट कार्डं, म्हणजे सात उचलली की सरासरीनं एक-दोन यावीत. पाच आली म्हणजे संकेतच असेल असं नाही. डेक नवीन आहे का? नव्या डेकमध्ये पेज, नाइट, क्वीन, किंग एका सूटचे लागोपाठ असतात. नीट पिसलं नाही तर झुबकेच्या झुबके येतात.

रानजाई

डेक जुना आहे, पण परवा अर्थ पाठ करताना सगळी कोर्ट कार्डं वेगळी काढून बसले होते. नंतर कितपत पिसली आठवत नाही.

आत्याबाई

तर्कटरावांचं बरोबर आहे. असं असेल तर "कोर्ट कार्डं फार आली" या गोष्टीचा अर्थ लावू नकोस. जागेप्रमाणे जे आलं तेवढंच वाच.

आता खरी अडचण चौथ्या जागेची. अडसर माणूसही असू शकतो आणि वृत्तीही, जागा काहीच ठरवून देत नाही. अशा वेळी मी दोन गोष्टी बघते. पहिली, या वर्णनाचा माणूस गोष्टीत आधीपासून आहे का? नसेल तर मी नवीन आणत नाही. दुसरी, तोच सूट आणखी कुठे आलाय? तुझ्याकडे किंग आणि नाइट दोघंही पेंटॅकल्सचे. म्हणजे एकतर वडील-मुलगा, नाहीतर एकच माणूस: आजचा तो, आणि "एवढं कमावल्यावरच लग्न" म्हणून डोक्यात ठेवलेला उद्याचा तो. त्याच्या वडिलांचं काय?

रानजाई

वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे. माझ्याशी चांगलं बोलतात. विरोध असा कधी जाणवला नाही.

भटक्या_नाशिककर

मग किंग म्हणजे वडीलच. मी म्हटलंच होतं, वयस्कर पुरुष.

आत्याबाई

असतीलही, पण वयावरून नाही. रानजाई, वाटलं तर एकच जादा कार्ड काढ. प्रश्न नेमका ठेव: "हा राजा बाहेरचा की त्याच्या आतला?" टेन ऑफ पेंटॅकल्स किंवा हायरोफंटसारखं काही आलं तर घर, घराणं. फोर ऑफ पेंटॅकल्स आलं तर त्याचीच मूठ आवळलेली. आणि पुन्हा कोर्ट कार्ड आलं तर तिथेच थांब. त्यावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं काढत बसलीस की पहिला प्रश्न कुठला होता तेही आठवत नाही.

तर्कटराव

किंवा बंगळुरूला एक फोन.

रानजाई

काढलं. सिक्स ऑफ पेंटॅकल्स आलं. तराजू धरलेला शेठ पैसे देतोय, दोघं गुडघ्यावर. फ्लॅटच्या डाऊन पेमेंटला वडील मदत करणार असं तो मागे म्हणाला होता, ते आत्ता आठवलं.

आत्याबाई

इथे देणारा आणि घेणारा वेगवेगळे दिसतात. स्वतःशीच झगडणाऱ्या माणसाला हे चित्र नीट बसत नाही. माझा कल वडिलांकडे जातोय, पण विरोध म्हणून नाही, उपकाराचं ओझं म्हणून.

तर्कटराव

डाऊन पेमेंट आठवल्यावर कुठलंही कार्ड वडिलांवर बसलं असतं. फोर आलं असतं तरी "वडील पैसा सोडत नाहीत" असंच म्हणाला असता.

आत्याबाई

फोरवर एकटाच माणूस आहे, मी तसं म्हटलं नसतं. पण तुमची शंका खोटी नाही. कार्ड आधी वाचून मग हकिगत विचारायला हवी होती. रानजाई, त्याला "लग्न कधी" विचारू नकोस. फ्लॅट कुणाच्या नावावर होणार ते विचार.

रानजाई

तो रविवारी येतोय. विचारून इथे लिहिते.

सोनचाफा२

सासूबाईंचा धागा काढलाय, लिंक देऊ का?