पलंगाशेजारी यूएसबीवाला सॉकेट बसवावा की अ‍ॅडॅप्टरच बरा?

ऐरोलीकरीण
पुढच्या आठवड्यात घराचं रंगकाम सुरू होतंय. त्याआधी वायरमन बेडरूमचे बोर्ड बदलून देणार आहे. पलंगाच्या दोन्ही बाजूंना तीन मॉड्यूलची प्लेट आहे, त्यात एक स्विच आणि एक ६ अँपिअरचा सॉकेट. तो म्हणतो, सॉकेट काढून त्या जागी दोन पोर्टचा यूएसबी बसवतो, म्हणजे अ‍ॅडॅप्टरची कटकटच नको. त्याच्याकडच्या मॉड्यूलवर ५ व्होल्ट, २.१ अँपिअर लिहिलंय. आम्हा दोघांचे फोन रात्री एकाच बाजूला लागतात. तेवढं पुरेल का?

वाशीचा_सम्या
बिनधास्त बसवा. २.१ म्हणजे प्रत्येक पोर्टला २.१. आणि फोन त्याला हवा तेवढाच करंट ओढतो, त्यामुळे बॅटरी खराब व्हायची भीती नाही.

खारघरचे_काका
ताई, जपून! स्टेशनवर, विमानतळावर अशा पोर्टमधून फोनमधली माहिती चोरतात. मी कुठेही लावत नाही.

पॅनेलवाला_कळवा
काका, तुमची काळजी सार्वजनिक जागेसाठी बरोबर आहे. घरच्या मॉड्यूलला मागून फक्त फेज आणि न्यूट्रल येतात, पुढे माहिती जायला वाटच नाही.

सम्या, फोन हवा तेवढाच करंट घेतो हे खरं. पण या दोन पोर्टच्या मॉड्यूलमध्ये २.१ हा आकडा बहुतेक वेळा दोन्ही पोर्टचा मिळून असतो. ताई, मागची बाजू वाचा, तिथे ‘एकूण’ अशा अर्थाचं काही छापलंय का बघा. ५ गुणिले २.१ म्हणजे साडेदहा वॅट. दोन फोन लावले की एकेकाला जेमतेम पाच.

५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात. पाच वॅटने, गळती धरून, पूर्ण भरायला पाच तास सहज लागतात. रात्री अकराला लावून सकाळी सहाला काढणार असाल तर काहीच अडचण नाही. अडचण येते ती सकाळी. रात्री लावायचा विसरलात आणि ठाण्याची लोकल पकडायला वीस मिनिटं उरली, तर पाच वॅटवर जेमतेम सात-आठ टक्के वाढतील. २० वॅटच्या टाइप-सी अ‍ॅडॅप्टरवर त्याच वेळात पंचवीसच्या आसपास वाढतात, फोनने तो वेग घेतला तर.

ऐरोलीकरीण
वाचलं. ‘एकूण’च लिहिलंय. मग २० वॅटचा टाइप-सी मॉड्यूल मागू का?

पॅनेलवाला_कळवा
मागा, पण त्यातही दुसरा फोन लावल्यावर किती मिळतं ते आधी विचारा. काही मॉड्यूल दुसरा पोर्ट वापरात आला की वेग खाली आणतात. ओळखायची खूण सोपी आहे: पहिल्या फोनवर जलद चार्जिंग दिसत असतं, दुसरा लावला की ते साधं होतं. शिवाय तुमच्या फोनसोबत ६७ किंवा ८० वॅटचा चार्जर आला असेल, तर तो वेग भिंतीतल्या मॉड्यूलवर मिळेल असं धरू नका. तो त्या कंपनीच्या चार्जर-केबलच्या जोडीवरच येतो.

माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. सॉकेट काढू नका. उद्या टेबल लॅम्प, डास मारायचं मशीन, आजारपणात नेब्युलायझर लावायचं तर कुठे लावाल? सॉकेट दोन मॉड्यूल घेतो, स्विच एक, म्हणजे तुमची प्लेट भरलेली आहे. रंगाआधीच भिंत थोडी फोडून चार मॉड्यूलचा बॉक्स बसवा आणि त्यात एका मॉड्यूलचा टाइप-सी टाका. रंग झाल्यावर हे करवणार नाही. मॉड्यूल मागे खोल असतो, वायरी कोंबू नका, तो गरम होतो. आणि त्याला स्विचवरून फेज द्या, थेट नको.

घोडबंदरकर
थेट नको, हे अगदी खरं. आमच्या इमारतीत मागे न्यूट्रल सैल झाला आणि काही मिनिटं दिवे भगभगले. चोवीस तास चालू असलेले दोन्ही यूएसबी मॉड्यूल गेले. टेबलाच्या खणात पडलेला अ‍ॅडॅप्टर वाचला. तो गेला असता तरी मी दुकानातून दुसरा आणला असता. मॉड्यूलसाठी वायरमनची चार दिवस वाट बघितली.

वाशीचा_सम्या
माझा तर पाच वर्षं थेटच आहे, काही झालं नाही. पण एकूण आकड्याचं मान्य, मी आज मागे बघितलं.

ऐरोलीकरीण
ठरलं. यांच्या बाजूला चार मॉड्यूलचा बॉक्स, सॉकेट तसाच ठेवून टाइप-सी. घाईसाठी अ‍ॅडॅप्टर खणात. माझी बाजू मात्र बाहेरच्या भिंतीला आहे आणि पावसाळ्यात तिथे ओल येते. तिथेही बसवू का?

पॅनेलवाला_कळवा
तिथे आत्ता नको. आधी ओल कुठून येते ते शोधा. बॉक्समध्ये पाणी झिरपत असेल तर साधा सॉकेटही धोक्याचा आहे. प्लेट काढून टर्मिनलवर हिरवट थर दिसतो का बघायला सांगा, अर्थात मेन बंद करून.

ऐरोलीकरीण
उद्या उघडून बघते, फोटो टाकते.