अनुभव धागा : परदेशात शिकायला गेल्यावर घेतलेली पहिली जुनी गाडी

दुष्काळी_पाऊस
परवा भाच्याचा टेक्ससमधून, अर्लिंग्टनहून फोन आला. "मामा, गाडी बघितलीय. चार हजार डॉलर. माणूस म्हणतो आज रोख दिलेस तर आजच चावी." हे ऐकलं आणि २०१४ सालचा माझा उन्हाळा डोळ्यांपुढे उभा राहिला.

मीही त्याच गावात शिकलो. तिथे धड सिटी बस नाही आणि वाणसामानाचं दुकान ४५ मिनिटं चालल्यावर. क्रेडिट हिस्ट्री शून्य असल्यामुळे बँकेने कर्जाचा अर्जसुद्धा नीट पाहिला नाही. लायब्ररीत काम करून साठवलेले ३,२०० डॉलर घेऊन एका मुलाकडून गाडी घेतली. गाडी "मित्राची" होती. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, हातात होतं, त्याच्या मागे विकणाऱ्याची सही होती आणि घेणाऱ्याची जागा कोरी. मला वाटलं, चला, सगळं तयार आहे.

गाडी नावावर करायला गेलो तेव्हा काउंटीच्या टॅक्स ऑफिसात खिडकीवरच्या बाईंनी टायटल उलटसुलट केलं आणि दोन गोष्टी दाखवल्या. पुढच्या बाजूला एका कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव बोजा म्हणून छापलेलं होतं आणि बोजा उतरल्याचा कागद नव्हता. दुसरं म्हणजे नावावर करायच्या अर्जावर, १३०-यू फॉर्मवर, मूळ मालकाची सही हवी होती. मला गाडी विकणारा मालक नव्हताच. त्याने स्वतःच्या नावावर न करता ती पुढे ढकलली होती. त्याचा फोन संध्याकाळपासून बंद.

गाडी पाच आठवडे पार्किंगमध्ये उभी. शेवटी टायटलवरच्या पत्त्यावर फोर्ट वर्थला गेलो. एका आजींनी दार उघडलं. गाडी अजून त्यांच्याच नावावर असल्यामुळे मधल्या माणसाने केलेल्या टोलची बिलं त्यांना येत होती, आणि त्याही त्याला शोधत होत्या! कर्ज कधीच फिटलं होतं, बोजा उतरल्याचं पत्र त्यांच्या खणात होतं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर ऑफिसात आल्या. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर माझे पैसे गेलेच होते.

तुमचे अनुभव लिहा. भाचा वाचतोय.

मृण्मयी_ह्यूस्टन
आजींना नमस्कार सांगा __/\__

भाच्याला सांगा, टायटलवरचं नाव आणि समोरच्या माणसाचं लायसन्स शेजारी शेजारी धरून बघ. नाव जुळलं नाही तर तिथूनच परत फिर. "भावाची आहे, तो गावाला गेलाय" हे वाक्य मी तीन वेळा ऐकलंय.

सौरभ_टी
एवढं कशाला? व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकून तिच्या जुन्या नोंदींचा हिस्ट्री रिपोर्ट काढायचा. क्लीन असेल तर डोळे झाकून घ्यायची. मी तसंच केलं, चार वर्षं गाडीने कुरकुर केली नाही.

मृण्मयी_ह्यूस्टन
सौरभ, तुला गाडी चांगली मिळाली याचा आनंद आहे, पण डोळे झाकू नकोस रे. रिपोर्टमध्ये फक्त कुणीतरी कळवलेलंच येतं. २०१७ च्या हार्वे वादळात आमच्या गल्लीत बॉनेटपर्यंत पाणी होतं. ज्यांच्याकडे फक्त समोरच्याचं नुकसान भरून देणारा विमा होता त्यांना क्लेम करताच आला नाही. क्लेम नाही म्हणजे नोंदही नाही. त्यातल्या काही गाड्या धुऊनपुसून विकल्या गेल्या.

दोन महिन्यांनी माझ्या रूममेटने अशीच एक पाहिली. रिपोर्ट स्वच्छ, आत अत्तराचा वास. माझ्या नवऱ्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला, तर आतल्या टोकाला चिखलाची रेघ. डिकीतलं स्टेपनीचं झाकण उचललं तर खाली गंज. आम्ही काही न बोलता निघालो.

अथर्वची आई
माझा मुलगा जानेवारीत डॅलसला गेलाय. इथलं लायसन्स तिकडे चालेल ना? आणि इन्शुरन्स कुणाच्या नावाने काढायचा, आमच्या की त्याच्या? फार काळजी वाटते हो.

दुष्काळी_पाऊस
ताई, त्याच्याच नावाने. टेक्ससमध्ये विमा दाखवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. त्यामुळे ज्या दिवशी गाडी घ्यायची त्याच दिवशी फोनवरून पॉलिसी सुरू करायची आणि मगच चालवत घरी आणायची. टेक्ससचं लायसन्स नसेल तर हप्ता बराच जास्त सांगतात, म्हणून गाडी ठरवायच्या आधी कोटेशन घ्यायला सांगा. माझ्या वेळी विम्याचा पहिला सहामाही हप्ता देताना घाम फुटला होता.

गॅरेज_सांगली
आमचं सांगलीत गॅरेज होतं. आता सहा वर्षं डॅलसजवळ प्लेनोमध्ये आहे. शनिवारी पोरांबरोबर गाड्या बघायला जातो, फुकट. कागदांचं वर आलंय, मी इंजिनाचं सांगतो. जरा लांब लिहितोय.

मागच्या वर्षी लातूरकडच्या एका मुलीसाठी गाडी पाहिली. २००९ चं मॉडेल, ४,२०० डॉलर. रंग चांगला, इंजिन शांत, चेक इंजिनचा दिवा बंद. पोरगी खूश. मी २० डॉलरचा ब्लूटूथ रीडर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला. १९९६ नंतरच्या सगळ्या गाड्यांना तिथे सॉकेट असतंच. बिघाडाचा एकही कोड आला नाही. पण खाली स्व-चाचण्यांची यादी असते, तिथे कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर आणि पेट्रोलची वाफ अडवणारी इव्हॅप या तिघांपुढे "Not Ready".

याचा अर्थ असा की गाडीच्या संगणकाची पाटी नुकतीच कोरी झाली. कोड पुसला की दिवा विझतो, पण त्याबरोबर या चाचण्याही शून्यावर जातात. त्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं मिसळ ड्रायव्हिंग लागतं, थोडं हायवेवर आणि थोडं सिग्नलला थांबत. दिवा विझवणं दहा सेकंदांचं काम आहे, चाचण्या मात्र कुणाला खोट्या पूर्ण करता येत नाहीत.

विकणारा म्हणाला, बॅटरी बदलली. हेही खरं असू शकतं, बॅटरी काढली तरी असंच होतं. म्हणून भांडलो नाही. म्हटलं, चार दिवस तुम्ही नेहमीसारखी वापरा, आम्ही गुरुवारी येतो. गुरुवारी दिवा लागलेला होता आणि रीडरवर P0420. म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाहीये. गॅरेजने बदलायचे १,४०० सांगितले. ४,२०० च्या गाडीवर १,४००!

ती गाडी तशीच घेतली असती तर पुढची अडचण अशी की डॅलस, टॅरंट, कॉलिन या काउंट्यांमध्ये रजिस्ट्रेशन नूतनीकरणाला धुराची चाचणी लागते. २००१ नंतरच्या गाडीच्या एकाहून जास्त चाचण्या अपूर्ण असल्या तर ते परत पाठवतात. २०२५ पासून सुरक्षेची तपासणी रद्द झाली म्हणून काही जण म्हणतात की आता टेक्ससमध्ये काहीच बघत नाहीत. तसं नाही, धुराची या भागात आहेच.

सौरभ_टी
गॅरेजकाका, हे मला ठाऊकच नव्हतं. आज रात्रीच माझ्या गाडीला लावून बघतो.

पमाकाकू
प्लेनोमध्ये आहात म्हणजे गणपतीला भेटलो असणार आपण. मोदकांच्या स्टॉलवर होते मी.

गॅरेज_सांगली
काकू, ते तळणीचे मोदक तुमचे होते? घरात अजून आठवण काढतात.

राइनकाठ
मी जर्मनीत, डॉर्टमुंडला. आमच्याकडे दर दोन वर्षांनी तपासणी होते आणि पुढची कधी ते मागच्या नंबरप्लेटवरच्या गोल स्टिकरवर कळतं. मी १,८०० युरोंना घेतलेल्या गाडीचे फक्त दोन महिने उरले होते, ते मी बघितलंच नाही. पुढे ब्रेक आणि गंजलेल्या सिलवर ९०० गेले. अमेरिकेतल्यांना याचा उपयोग नाही, पण युरोपात जाणारं कुणी वाचत असेल तर त्यांनी तो स्टिकर आधी पाहावा.

नवा_प्रवासी
रोख देण्यापेक्षा जुन्या गाड्या हप्त्यावर देणाऱ्या लॉटवरून घेतली तर? क्रेडिट हिस्ट्री पण बनेल ना? मला एकाने महिन्याला ३२० डॉलर सांगितलेत, ३६ महिने. डाउन पेमेंट १,५००.

मृण्मयी_ह्यूस्टन
बेरीज कर. ३२० गुणिले ३६ म्हणजे ११,५२०, त्यात १,५००. तेरा हजारांच्या वर जातंय. तीच गाडी बाहेर कितीला मिळते ते बघ. आणि जागेवरच कर्ज देणारे असे बरेच लॉट हप्ते क्रेडिट ब्युरोला कळवतच नाहीत, त्यामुळे हिस्ट्रीही बनत नाही. कळवता का, ते त्यांच्याकडून लेखी घे. हिस्ट्रीसाठी बँकेत ३०० डॉलर ठेवून मिळणारं सिक्युअर्ड कार्ड पुरतं. मी तेच केलं.

नवा_प्रवासी
गाडी बाहेर ६ हजारांत दिसतेय :( पण माझ्याकडे एकदम ६ नाहीत.

गॅरेज_सांगली
मग ६ ची बघू नकोस. साडेतीनची साधी कोरोला किंवा तसलीच बघ आणि वर ५०० टायर-ब्रेकसाठी ठेव. मला निरोप पाठव, शनिवारी बघू.

दुष्काळी_पाऊस
भाच्याच्या विकणाऱ्याने आणखी एक सुचवलंय : "फॉर्मवर ५०० डॉलर लिहू, तुझा टॅक्स वाचेल." मी नको म्हटलं. फॉर्मवर सही भाच्याचीही असणार आणि खोट्याची जबाबदारीही त्याच्यावर येणार. शिवाय वाचत काहीच नाही. टेक्ससमध्ये ६.२५ टक्के कर लागतो, आणि दिलेली किंमत किंवा सरकारने धरलेल्या बाजारभावाचे ८० टक्के, यातलं जे जास्त असेल त्यावर. धरलेला भाव ७,००० असेल तर ८० टक्के म्हणजे ५,६०० आणि कर ३५०. तू ५०० लिही नाहीतर ४,००० लिही, कर ३५० च.

अथर्वची आई
हे ३५० वेगळे काढून ठेवायला सांगते त्याला. धन्यवाद हो दादा.

मृण्मयी_ह्यूस्टन
मग भाच्याचं काय ठरलं?

दुष्काळी_पाऊस
मी एवढंच सांगायला लावलं की पैसे टॅक्स ऑफिसच्या खिडकीसमोर देईन, तुम्ही बरोबर या, तिथेच सही करा. माणूस लगेच हो म्हणाला, मंगळवार सकाळ ठरली. मंगळवारी फोन उचलला नाही. दुपारी तीच जाहिरात पुन्हा दिसली, किंमत ३,८०० केलेली.

वाईट वाटलं भाच्याला. तीन आठवडे मित्रांच्या गाडीतून जातोय, ओशाळतो. पण काल विद्यापीठाच्या बोर्डवर एका निवृत्त प्राध्यापकांची कोरोला दिसली. २०१० ची, १,४२,००० मैल, ४,६००. टायटल त्यांच्याच नावावर, बोजा नाही. काचेखालचा आणि दारातल्या स्टिकरवरचा व्हिन त्याने टायटलशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. ते म्हणाले, मेकॅनिकला घेऊन ये, इंजिन गार ठेवतो.

गॅरेज_सांगली
इंजिन गार ठेवतो म्हणाले? हे लोक चांगले दिसतात. आधीच तापवलेल्या गाडीत सकाळचा खडखड आणि धूर लपतो, म्हणून मी पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटला हात लावतो. शनिवारी दहाला येतो अर्लिंग्टनला. भाच्याला म्हणावं व्हिन टाकून रिकॉलही, म्हणजे कंपनीने परत बोलावून करायची दुरुस्तीही, बघून ठेव, एअरबॅगचा वगैरे बाकी असला तर कंपनीचा डीलर फुकट करून देतो.

पमाकाकू
भाच्यासाठी डबा पाठवू का गॅरेजवाल्यांबरोबर? वांग्याची भाजी खातो का?

दुष्काळी_पाऊस
खातो काकू. तीन आठवडे मॅगीवर आहे.