मदत हवी आहे: आयकॉनच्या स्टिकरशीटवर पांढरी कड कुठे जाड, कुठे बारीक

रेघोटी: कॉलेजच्या ओपन सोर्स क्लबसाठी ए४ स्टिकरशीट करतेय. गिटहब, डॉकर, पायथन वगैरे आयकॉन, प्रत्येकाभोवती सारखी पांढरी कड आणि त्या कडेने कटिंग. सिंपल आयकॉन्समधून एसव्हीजी घेतले, इंकस्केपमध्ये पांढरा स्ट्रोक दिला, मग डोळ्याला सारखे दिसतील असे लहानमोठे केले. नमुना आला तर डॉकरची कड ढब्बू, पायथनची जेमतेम. गिटहबमध्ये सुरी खालून आत शिरून मांजराच्या कडेने फिरलीये, सोलताना मांजर कागदावरच राहतं. शिवाय प्रेसवाले विचारताहेत, "व्हाइट टाकायचा का?" म्हणजे काय?

मसालेवाले_काका: पांढरा बॅकिंग घेऊ नका. आमच्या लेबलांना पिवळा कागद येतो, तो भराभर सुटतो. पांढरा नखाने खरवडत बसावं लागतं.

रेघोटी: काका, मागच्या कागदाचं नाही, आयकॉनमागच्या पांढऱ्याचं विचारतेय :)

पिक्सेल_पाटील: सोपं आहे. Preferences मध्ये Scale stroke width ची खूण काढा. आयकॉन दुप्पट केला की स्ट्रोकही दुप्पट होतो, म्हणून डॉकर ढब्बू. बाकी आयकॉन CC0 आहेत, खुशाल विका.

हाफकट: पाटील, जाडीचं बरोबर, पण तेवढ्याने कटिंग सुधारणार नाही. कटरला स्ट्रोकची जाडी कळत नाही, तो पाथवरून चालतो. स्ट्रोक पाथच्या मधोमध बसतो, म्हणजे ४ मिमी दिला तर बाहेर २ मिमीच दिसतो आणि सुरी आयकॉनला खेटूनच जाते. ताई, स्ट्रोक काढूनच टाका.

आधी सगळे आयकॉन अंतिम मापाला आणा, समजा ३० मिमी. मग प्रत्येकाची एक प्रत घ्या, Path > Union करा. Preferences > Behavior > Steps मध्ये Inset/Outset चं माप २ मिमी ठेवा आणि Path > Outset. ही प्रत पांढरी भरून आयकॉनच्या मागे ठेवा. तिचीच आणखी एक प्रत, बिनभराव, मॅजेंटा बारीक रेघ, वेगळ्या लेयरवर: ती कटलाइन. यानंतर माप बदलायचं नाही. बदललंच तर कटलाइन पुन्हा काढा.

गिटहबचं दुखणं निराळं आहे. तिथलं मांजर हे बंद भोक नाही, खालून बाहेर उघडलेली खाडी आहे. त्यामुळे Break Apart करून आतला तुकडा उडवता येत नाही, कारण तुकडाच नाही. २ मिमी बाहेर काढलं तरी तोंड उघडंच राहतं. तिथे सरळ ३४ मिमीचं वर्तुळ काढा.

डॉकरच्या डब्यांच्या पायऱ्यांत कटलाइन टोकदार आत घुसते. असा कोपरा सोलताना फाटतो. तिथे आधी ४ मिमी Outset, मग २ मिमी Inset. कड २ मिमीच राहते, खाचा बुजतात.

शीटचा हिशेब: ३४ मिमीचा स्टिकर, मध्ये ३ मिमी जागा, चहूकडे १० मिमी मार्जिन. आडवे ५ (१८२ मिमी), उभे ७ (२५६ मिमी), एकूण ३५. कटरच्या खुणांना जास्त जागा लागली तर एक ओळ कमी करा. आणि फुल कट नको, हाफ कट सांगा, नाहीतर ३५ सुटे तुकडे हातात येतील.

रेघोटी: आणि व्हाइटचं?

हाफकट: पांढऱ्या विनाईलवर छापणार असाल तर "नको" सांगा, पांढरा मुळातच आहे. पारदर्शक विनाईल असेल तर व्हाइट शाई खालून लागते, नाहीतर काळ्या लॅपटॉपवर काळा गिटहब कुणाला दिसणार? पण तिथे पांढरा थर कटलाइनच्या १ मिमी बाहेरपर्यंत न्या. कटिंग थोडं सरकतंच, मग एका बाजूला पारदर्शक पट्टी उघडी पडते. आमच्याकडे रोलँडच्या व्हर्सावर्क्सला स्पॉट कलरची नावं `CutContour` आणि `RDG_WHITE` अशीच लागतात, स्पेलिंग चुकलं की ती साधी रंगीत रेघ म्हणून छापली जाते. इंकस्केपमधून ही नावं नीट जात नाहीत, पीडीएफ द्या आणि प्रेसवाल्यांना कोरलमध्ये लावायला सांगा.

वकिली_नको: पाटीलसाहेब, CC0 संग्रहाला आहे, पण ट्रेडमार्क ज्याचा त्याचाच. सिंपल आयकॉन्सवाले स्वतःच सांगतात की सगळे आयकॉन CC0 नाहीत. काही ब्रँडना तर लोगोभोवती कड काढलेलीही चालत नाही. प्रत्येकाची गाइडलाइन वाचा.

पिक्सेल_पाटील: कॉलेजच्या क्लबवर कोण केस करतंय?

रेघोटी: फुकटच वाटणार होतो, पण फेस्टच्या स्टॉलवर १० रुपयाला ठेवायचं मुलांच्या डोक्यात आहे. त्याचं अजून ठरलं नाही. पांढरं विनाईल नक्की केलं, गिटहबला वर्तुळ दिलं. डॉकरला ४-२ केलं, खाचा गेल्या, पण देवमाशाची शेपटी आता बोथट दिसतेय.

हाफकट: शेपटीपुरता नुसता २ मिमीवाला पाथ ठेवा, डब्यांच्या बाजूला ४-२ वाला, आणि दोन्ही Union करा. आणि पूर्ण छपाईआधी एकच शीट काढून चार स्टिकर वेगवेगळ्या कोपऱ्यांतले सोलून बघा. कटिंग सरकतं ते बहुधा शीटच्या टोकाला कळतं.